पुढे पाहणारी बोली, मागे पाहणारे अंक

‘किती वाजले?’ या प्रश्नाला मराठी माणूस ‘पावणेसात’ असे उत्तर देतो, तेव्हा घड्याळात सात वाजलेले नसतात. कागदावर ही वेळ ६.४५ अशी लिहायची, म्हणजे कानावर सात पडले तरी हाताने सहा लिहायचे. हा उलटा व्यवहार आपण सहज करतो, म्हणून त्यामागचा इतिहास सहसा नजरेत येत नाही. आपली वेळ सांगण्याची भाषा घड्याळाबरोबर आलेली नाही. ती त्याच्या कितीतरी आधीची, मापांची आणि हिशेबाची भाषा आहे.

सव्वा म्हणजे ‘सपाद’, एका पादासह. चतुष्पादाचा एक पाय तो पाद, म्हणजेच चौथा हिस्सा. साडे हा ‘सार्ध’ म्हणजे अर्ध्यासह. पाऊण आणि पावणे ‘पादोन’वरून आले, पादाने ऊन म्हणजे पाव कमी. प्राकृतातून झिजत आलेले हे शब्द कुठल्याही एककाला लागतात. सव्वाशे म्हणजे शंभर आणि पाव नव्हे, तर शंभर आणि शंभराचा पाव, एकशेपंचवीस. पाव कशाचा, हे पुढचे एकक ठरवते. दिवसाच्या साठ घटका मोजल्या जात तेव्हाही हेच शब्द कामाला होते. प्रहर साडेसात घटकांचा होता आणि घटका चोवीस मिनिटांची असल्यामुळे सव्वा घटका म्हणजे आपला अर्धा तास. पुढे यांत्रिक घड्याळ आले आणि तासाचे टोल पडू लागले. ठोका वाजतो, म्हणून वेळही ‘वाजते’. नव्या एककाला जुनेच अपूर्णांक जोडले गेले.

या शब्दांत दोन वृत्ती दिसतात. सव्वा आणि साडे मागे पाहतात. पूर्ण झालेला आकडा घेऊन ते त्यात भर घालतात. पावणे पुढे पाहते, येणाऱ्या आकड्यातून पाव वजा करते. दीड आणि अडीच हेही मुळात पुढे पाहणारेच. दीडच्या मुळाशी ‘दुसरा अर्धा’ अशी कल्पना आहे आणि अडीचच्या मुळाशी ‘तिसरा अर्धा’. याच पद्धतीने ‘चौथा अर्धा’ म्हणजे साडेतीन, त्याला मराठीत ‘औट’ असा स्वतंत्र शब्द होता. संतवाङ्मयात साडेतीन हातांच्या देहाला ‘औट हात’ म्हटलेले आढळते आणि जुन्या शाळांत दिडकी-अडीचकीनंतर औटकीचा पाढा घोकून घेत. जर्मन भाषेत आजही साडेतीन वाजले की ‘अर्धे चार’ म्हणतात, ती दृष्टी हीच. औट व्यवहारातून गेला आणि त्याची जागा साडेतीनने घेतली. दीड-अडीच मात्र रोजच्या वापरामुळे टिकले. म्हणूनच आपली साडेची मालिका तीनपासून सुरू होते. ‘साडेएक’ आणि ‘साडेदोन’ मराठी कानाला खटकतात.

एक या आकड्याचीही अशीच गंमत आहे. तो या मालिकेत बोलला जात नाही. सव्वाबारा, साडेबारा झाले की नुसते ‘पाऊण’, मग एक, मग नुसते ‘सव्वा’, मग ‘दीड’. लिहिताना हे अनुक्रमे १२.४५, १.१५ आणि १.३० होतात, पण बोलण्यात आकड्याचा मागमूस नाही. क्रियापदही तसेच वागते. पाऊण वाजला, सव्वा वाजला, दीड वाजला. पुढे मात्र पावणेदोन ‘वाजले’. अजून दोन व्हायचे असतात, तरी शब्दात ऐकू येणाऱ्या ‘दोन’मुळे अनेकवचन आधीच येऊन बसते.

आता लिहिण्याकडे वळू. जुन्या मराठी हिशेबात पावासाठी एक उभी रेघ, अर्ध्यासाठी दोन आणि पाऊणसाठी तीन रेघा काढत. १। म्हणजे सव्वा, १॥ म्हणजे दीड, १॥। म्हणजे पावणेदोन. रुपये, शेर आणि वेळ सर्वांना हीच खूण चाले. जुन्या पत्रांत आणि निमंत्रणांत ‘सायंकाळी ५॥ वाजतां’ असे दिसते, ते याच पद्धतीचे. मात्र ही खूण पूर्णपणे मागे पाहणारी आहे. ती आधी पूर्ण झालेला आकडा मांडते आणि मग वरचा भाग जोडते. म्हणजे बोलीतले पावणे आणि कागदावरच्या तीन रेघा यांची तोंडे विरुद्ध दिशांना आहेत.

जुने कागद वाचताना चूक होते ती नेमकी इथे. समजा, एका पत्रात ‘६॥। वाजतां निघालों’ असे वाक्य आहे. तीन रेघा म्हणजे पाऊण एवढेच ध्यानात ठेवणारा वाचक पुढच्या सहाला ‘पावणे’ लावून ‘पावणेसहा’ वाचतो आणि निघण्याची वेळ एका तासाने अलीकडे येते. बरोबर वाचन ‘पावणेसात’, म्हणजे ६.४५. दुसरा वाचक रेघांना एकचे आकडे समजतो, तर तिसऱ्याला ५॥ मधल्या दोन रेघा श्लोकाअखेरच्या दंडासारख्या वाटतात आणि तो ‘पाच’ एवढेच उतरवून घेतो. पडताळा सोपा आहे. एकाच लेखकाच्या हातच्या रकमा पाहाव्यात. बेरजेत ६॥। आणि । मिळून ७ येत असतील, तर त्या रेघा अपूर्णांकाच्याच.

१ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली आणि आणखी एक जोड उसवली. त्याआधी सव्वाचार रुपये म्हणजे चार रुपये चार आणे आणि सव्वाचार वाजले म्हणजे चार तास पंधरा मिनिटे. दोन्ही कागदावर ४। असेच लिहिता येत होते. आता तेच रुपये ४.२५ झाले आणि तीच वेळ ४.१५. शब्द एक, बिंदूही एकच, पण रुपयाच्या बिंदूनंतर शंभरावे भाग येतात आणि वेळेच्या बिंदूनंतर साठावे. ‘साडेचार तास’ ही मुदत कोणी ४.३० लिहून गणकयंत्रात घातली, तर हिशेब चार तास अठरा मिनिटे चाललेला काळ दाखवतो आणि बारा मिनिटांची मजुरी बुडते. तिथे ४.५ च हवेत.

चोवीस तासांच्या वेळापत्रकात पावणे आणखी फसवे होते. १८.४५ चे पावणेसात करताना बारा वजा करायचे आणि एक मिळवायचा. सर्वांत धोक्याची वेळ मात्र ००.४५, म्हणजे बोलीतला ‘रात्री पाऊण’. बोलणाऱ्याच्या मनात शनिवारची रात्र असते, पण तिकिटावर रविवारची तारीख असते. शनिवारी रात्री निघायचे म्हणून शनिवारच्याच तारखेचे ००.४५ चे आरक्षण करणाऱ्याची गाडी आदल्या रात्रीच सुटलेली असते.

आणि शेवटी अचूकपणाचा प्रश्न. ‘साडेसहा-पावणेसातला येतो’ असे म्हणणारा माणूस कालखंड सांगतो, क्षण नव्हे. पाव तासापेक्षा बारीक काही या शब्दांत मावत नाही. ६.३५ सांगायचे तर ‘सहा पस्तीस’ किंवा ‘सहा वाजून पस्तीस मिनिटे’ अशी वेगळी, घड्याळाची भाषा घ्यावी लागते. म्हणून मुलाखत किंवा आठवण उतरवून घेताना ‘पावणेसातच्या सुमारास’ याचे ‘६.४५ वाजता’ करणे हे भाषांतर नव्हे. बोलणाऱ्याने न दिलेली खात्री आपण त्याच्या तोंडी घालतो. अशा ठिकाणी शब्द होता तसाच ठेवावा आणि आकडा हवाच असेल, तर कंसात ‘सुमारे’ लिहून द्यावा.