विषयाचं आयुष्य : अर्थसाक्षरतेच्या चित्रफिती आणि ठेव विम्याची साठ वर्षं

मोहने हे कारखान्याभोवती वाढलेलं गाव. एनआरसीचा कारखाना २००९ मध्ये बंद पडला आणि पगारावर चालणारी घरं साठवलेल्या पैशावर चालू लागली. अशा घरांत शेअर बाजाराचा निर्देशांक कितीवर गेला, यापेक्षा ‘पैसे ठेवले आहेत ते राहतील ना?’ हा प्रश्न मोठा असतो. दोन वर्षांपूर्वी शेजारच्या एका निवृत्त गृहस्थांनी मला मोबाइलवर एक चित्रफीत दाखवली. बँक बुडाली तर एक लाख रुपये मिळतात, असं त्यात एक जाणकार सांगत होते. माहिती खोटी नव्हती, फक्त शिळी होती. पण शेजाऱ्यांनी ती खरी मानून आपली पुंजी पाच-सहा ठिकाणी विखरून ठेवली होती. त्यांतलं एक ठिकाण पतसंस्था होतं.

वैयक्तिक अर्थकारण जाणणाऱ्या माणसाने वर्षानुवर्षं चित्रफितींचं चॅनल चालवायचं, तर विषय निवडायचे कसे? या प्रश्नाकडे मी त्या प्रसंगापासून पाहू लागलो. ‘लोकांना काय आवडेल?’ हा विचार सगळेच करतात. त्याच्या आधी विचारायचा प्रश्न निराळा आहे : या विषयाचं आयुष्य किती?

आयुष्याच्या हिशेबाने विषयांचे ढोबळ तीन प्रकार पडतात. पहिला बातमीचा : एखादी बँक अडचणीत आली, व्याजदर बदलला. त्याला प्रेक्षक लगेच मिळतो आणि महिन्याभरात निघून जातो. दुसरा पंचांगाचा : १ फेब्रुवारीचा अर्थसंकल्प, ३१ मार्च, विवरणपत्राची मुदत. तो दरवर्षी परत येतो, पण दरवर्षी नव्याने करावा लागतो. विवरणपत्राची ३१ जुलै ही तारीखसुद्धा २०२५ मध्ये पुढे ढकलली गेली. तिसरा प्रकार पायाभूत विषयांचा. पुण्याच्या सीए रचना रानडे यांची शेअर बाजाराच्या मूलतत्त्वांवरची व्याख्यानमाला याचं ठळक उदाहरण. शेअर म्हणजे काय, बाजार चालतो कसा, हे वर्गात शिकवावं तसं त्यांनी क्रमाने मांडलं आणि मराठीसाठी वेगळं चॅनलही ठेवलं. अशी माला आजची बातमी माहीत नसलेल्यालाही पहिल्या भागापासून पाहता येते.

पण पायाभूत म्हटलेला विषयही अजर नसतो. ठेव विम्याचा इतिहास पाहिला की हे नीट कळतं.

१९६० मध्ये अकोल्याची लक्ष्मी बँक आणि केरळातली पलाई सेंट्रल बँक बुडाली. त्या धक्क्यातून १९६१ चा ठेव विम्याचा कायदा झाला आणि १ जानेवारी १९६२ पासून ठेवींना विमा मिळाला. मर्यादा होती एका ठेवीदाराला एका बँकेत दीड हजार रुपये. ती टप्प्याटप्प्याने वाढत १९८० मध्ये तीस हजार आणि १९९३ मध्ये एक लाख झाली. त्यानंतर जवळजवळ सत्तावीस वर्षं ती हललीच नाही. एवढ्या काळात ‘एक लाख’ हा आकडा नियम न राहता म्हणीसारखा लोकांच्या तोंडी बसला.

२३ सप्टेंबर २०१९ रोजी रिझर्व्ह बँकेने पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध घातले. सुरुवातीला खात्यातून फक्त एक हजार रुपये काढता येत होते. ‘विमा एक लाखाचा आहे, मग हजारच का?’ असं लोक विचारू लागले. तेव्हाच्या कायद्यात विम्याची रक्कम बँकेचा परवाना रद्द होऊन ती अवसायनात गेल्यावरच मिळे. नुसत्या निर्बंधांवर ती मिळत नसे. म्हणजे त्या आठवड्यात ‘किती मिळणार?’ या बातमीपेक्षा ‘कधी मिळणार?’ हा विषय जास्त गरजेचा होता.

४ फेब्रुवारी २०२० पासून मर्यादा पाच लाख झाली. पुढे कायद्यात दुरुस्ती झाली. तिच्यानुसार १ सप्टेंबर २०२१ पासून, निर्बंध घातलेल्या बँकेच्या ठेवीदारालाही साधारणपणे नव्वद दिवसांत विम्याची रक्कम देण्याची तरतूद आली. सत्तावीस वर्षं झोपलेला विषय एकोणीस महिन्यांत दोनदा बदलला. जानेवारी २०२० मध्ये केलेली चित्रफीत पुढच्याच महिन्यात ‘किती’बद्दल चुकली, आणि दीड वर्षाने ‘कधी’बद्दलही.

इथे माध्यमाचा एक गुण आडवा येतो. वर्तमानपत्राचा जुना अंक रद्दीत जातो. यूट्यूबवरची जुनी चित्रफीत मात्र शोधात नव्याच्या शेजारी उभी राहते, आणि तिची पाहणारांची संख्या मोठी असल्याने ती जास्त विश्वासाची वाटते. त्याच दुव्यावर नवी फीत बदलून ठेवता येत नाही. नको तो भाग कापता येतो, शीर्षक आणि वर्णन बदलता येतं, वर एक टीप डकवता येते. शेजारी मोबाइलवर बघतात ते बोलणारा चेहरा. वर्णन ते उघडतही नाहीत.

म्हणून विषय निवडतानाच त्याचे दोन तुकडे करावे लागतात. ठेव विम्यात काय टिकलं ते पाहा. एका बँकेच्या सर्व शाखांतल्या, एकाच हक्काने ठेवलेल्या ठेवी एकत्र धरतात. मुद्दल आणि व्याज मिळून मर्यादा मोजतात. पतसंस्थेतल्या ठेवीला हा विमा नाही. समजा, एकाने कल्याणच्या शाखेत चार लाख आणि त्याच बँकेच्या ठाण्याच्या शाखेत तीन लाख स्वतःच्या नावावर ठेवले. शाखा दोन असल्या तरी ठेवीदार एकच, म्हणून विमा सातांपैकी पाच लाखांचाच. हेच तीन लाख पत्नीसह संयुक्त खात्यात असते, तर हक्क वेगळा म्हणून हिशेबही वेगळा झाला असता. ही मांडणी सावकाश, उदाहरणांसह, मोठ्या भागात सांगावी आणि त्यात आकडा ‘आजची मर्यादा’ म्हणून येऊ द्यावा. मर्यादा किती आणि रक्कम कधी, एवढ्यासाठी दोन-तीन मिनिटांचा वेगळा भाग करावा, शीर्षकात वर्ष घालावं. नियम बदलला की तो छोटा भाग मागे घेऊन नवा करता येतो. मोठा भाग जागेवर राहतो.

विषय शिळा झाल्याची खूण आधी प्रतिक्रियांत दिसते. ‘अजून हेच चालू आहे का?’ असं लोक जुन्या फितीखाली विचारू लागले, की पुढच्या महिन्याचा विषय ठरला. ज्या प्रश्नाला दर वर्षी नवे लोक तेच विचारतात, तो मोठ्या भागाचा. ज्याचं उत्तर दर वर्षी बदलतं, तो छोट्याचा.

एक कुंपण बाहेरूनही आहे. सेबीच्या जानेवारी २०२५ च्या परिपत्रकानुसार केवळ शिक्षण देणाऱ्याने शेअरचं नाव घेऊन बोलताना वा दाखवताना मागच्या तीन महिन्यांतला बाजारभाव वापरायचा नाही. ‘उद्या काय घ्यावं?’ हा सर्वांत जास्त पाहिला जाणारा आणि सर्वांत लवकर मरणारा विषय त्यामुळे शिक्षकाच्या हातून सुटतो. पतसंस्था, वारसनोंद, संयुक्त खातं हे सावकाश पाहिले जाणारे विषय मात्र त्याच्याकडे राहतात.

शेजाऱ्यांनी पतसंस्थेतली ठेव मुदत संपल्यावर काढून बँकेत ठेवली. ती जुनी चित्रफीत अजून त्यांच्या मोबाइलवर आहे. परवा त्यांनी ती दुसऱ्या कुणाला पाठवली, आणि खाली स्वतः लिहिलं : एक नाही, पाच.