अर्भकांच्या हाडांतील संशयास्पद अस्थिभंग : तपासणी, नोंद आणि कायदा

बोम्मसंद्रा (बेंगळुरू) : जे मूल अजून कुशीवरही वळू शकत नाही, त्याचे हाड मोडलेले आढळले तर ते कोणत्या बळाने मोडले, हा प्रश्न डॉक्टरांना विचारावाच लागतो. बहुतेक वेळा त्याचे उत्तर साधे असते. काही वेळा मात्र ते उत्तर मुलाला सांभाळणाऱ्याच्या हातांपाशी येऊन थांबते. वैद्यकशास्त्रात अशा इजेला ‘अपघाताविना झालेली इजा’ म्हटले जाते. कोणी मुद्दाम मारले, असा निष्कर्ष या शब्दांत नाही. सांगितलेला अपघात त्या इजेचे कारण असू शकत नाही, एवढाच त्यांचा अर्थ आहे.

बेंगळुरूला या विषयाची एक दुःखद ओळख एप्रिल 2012 मध्ये झाली. डोक्याला गंभीर इजा आणि अंगावर चाव्यांच्या खुणा असलेल्या तीन महिन्यांच्या मुलीचा शहरातील वाणी विलास रुग्णालयात मृत्यू झाला आणि तिच्या पित्याला अटक झाली. त्या प्रकरणात खुणा उघड्या डोळ्यांना दिसत होत्या. अनेक अर्भकांच्या अंगावर मात्र साधा व्रणही नसतो. जी काही साक्ष असते ती हाडांतच असते, आणि ती बाहेर काढण्याची पद्धत ठरलेली आहे.

या पद्धतीचे मूळ अमेरिकी बालक्षकिरणतज्ज्ञ जॉन कॅफी यांच्या 1946 मधील निबंधात आहे. मेंदूच्या आवरणाखाली दीर्घकाळ रक्त साचलेल्या सहा अर्भकांच्या लांब हाडांत त्यांना एकूण 23 अस्थिभंग आढळले. त्यांचा खुलासा करणारा अपघात घरच्यांच्या सांगण्यात नव्हता आणि हाडे ठिसूळ करणारा आजारही दिसत नव्हता. 1962 मध्ये हेन्री केंप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा मुलांसंबंधीचा निबंध प्रसिद्ध केला, तेव्हा कॅफी यांच्या निरीक्षणाचा अर्थ उघडपणे मांडला गेला.

प्रत्यक्षात ही तपासणी कशी चालते, हे एका कल्पित उदाहरणावरून पाहता येईल. बोम्मसंद्रा ही होसूर रस्त्यावरील औद्योगिक वसाहत. येथे पाळ्यांमध्ये काम करणारी, गावाकडचे नातेवाईक जवळ नसलेली अनेक कुटुंबे राहतात. समजा, अशा एका कुटुंबाने अडीच महिन्यांचे बाळ संध्याकाळी रुग्णालयात आणले. डावी मांडी सुजलेली आहे आणि लंगोट बदलताना बाळ किंचाळते. ‘सकाळी पलंगावरून पडले’ असे सांगितले जाते. क्ष-किरण चित्रात मांडीचे हाड मध्यभागी तिरके मोडलेले दिसते.

येथे दोन चुका संभवतात. पहिली चूक म्हणजे पाय प्लास्टरमध्ये घालून बाळाला घरी पाठवणे. दुसरी म्हणजे पीळ पडल्यासारखा तिरका अस्थिभंग दिसताच छळाचे निदान करून मोकळे होणे. पिळाचा अस्थिभंग म्हणजे छळच, ही समजूत जुनी असली तरी खरी नाही. रेषेच्या आकारावरून बळाची दिशा कळते, ते बळ लावणाऱ्याचा हेतू कळत नाही. बाळाला कडेवर घेऊन जिन्यावरून घसरलेली आई त्याच्यावर पडली, तर असा अस्थिभंग अपघातानेही होऊ शकतो. चालायला लागलेल्या मुलात पाय मुरगळून नडगीला बारीक चीर पडणे तर नित्याचेच आहे. अडीच महिन्यांच्या बाळाचे मात्र तसे नाही. ते स्वतःहून पलंगाच्या कडेपर्यंत सहसा जात नाही, आणि पलंगाच्या उंचीवरून पडून मांडीचे हाड मोडणे विरळाच. त्यात सकाळची इजा संध्याकाळी दाखवायला आणली आहे. या तीन गोष्टी एकत्र आल्या की संपूर्ण अस्थिसर्वेक्षण करणे भाग पडते.

अस्थिसर्वेक्षण, म्हणजेच ‘स्केलेटल सर्व्हे’, दोन वर्षांखालील संशयित बालकांत नियमाने केले जाते. त्यात सुमारे वीस स्वतंत्र क्ष-किरण चित्रे घेतली जातात. डोक्याची समोरून आणि बाजूने, पाठीच्या कण्याची बाजूने, छातीची समोरून, बाजूने आणि दोन्ही तिरक्या कोनांतून, त्यानंतर ओटीपोटाच्या हाडांचे, दोन्ही दंड, हात, तळहात, मांड्या, नडग्या आणि पावले यांचे प्रत्येकी वेगळे चित्र घ्यावयाचे असते. एकाच मोठ्या चित्रात सगळे बाळ बसवण्याचा सोपा मार्ग काही ठिकाणी आजही वापरला जातो. तो निरुपयोगी आहे. क्ष-किरण प्रत्येक हाडावर सरळ पडत नाहीत, आणि ज्या बारीक खुणांसाठी हा खटाटोप करावयाचा त्याच नेमक्या पुसट होतात. एक वर्षाखालील संशयित बाळाच्या डोक्याचा सीटी स्कॅनही करतात, कारण मेंदूतील रक्तस्राव या वयात बाह्य लक्षणांवाचून असू शकतो.

सर्वेक्षणात नजर प्रामुख्याने दोन ठिकाणी जाते. एक म्हणजे बरगड्यांचा मागील भाग, कण्याला लागून असलेला. प्रौढ माणूस बाळाची छाती दोन्ही हातांत धरून जोराने आवळतो, तेव्हा बरगडी मणक्याच्या बाजूच्या टोकावर तरफेसारखी वाकते आणि तेथे मोडते. पलंगावरून पडून असे घडत नाही. छाती दाबून हृदय पुन्हा सुरू करण्याच्या प्रयत्नात बरगड्या मोडल्याच, तर त्या बहुधा पुढच्या बाजूला मोडतात. दुसरे ठिकाण म्हणजे लांब हाडांची टोके. गुडघा, घोटा आणि खांद्याजवळ, जेथे हाड वाढते त्या पट्ट्याला लागून असलेला कोवळा थर हातपाय ओढल्याने, पिळल्याने किंवा बाळाला गदगदा हलवल्याने सुटतो. चित्रात तो एका कोनातून कोपऱ्याच्या ठिकरीसारखा, तर दुसऱ्या कोनातून बादलीच्या कडीसारखा दिसतो. खांद्याचा फरा, उरोस्थी आणि मणक्यांचे मागील काटे यांचे अस्थिभंगही असाच दाट संशय निर्माण करतात. याउलट कवटीची एकच सरळ चीर किंवा गळ्याजवळच्या आडव्या हाडाचा भंग साध्या पडण्यानेही होऊ शकतो.

आपल्या उदाहरणातील बाळाच्या उजव्या बाजूच्या तीन बरगड्यांवर मागील बाजूस गोल गाठी दिसतात. त्या जुळत आलेल्या अस्थिभंगाच्या गाठी आहेत. मांडीच्या भंगाभोवती मात्र नव्या हाडाचा मागमूस नाही. मोडलेल्या हाडाभोवती नव्या हाडाची पहिली पुसट रेघ साधारण एक ते दोन आठवड्यांत दिसू लागते आणि भरीव गाठ तयार व्हायला आणखी काळ लागतो. म्हणजे मांडीचा भंग ताजा, बरगड्यांचा किमान काही आठवडे जुना, आणि बाळाला इजा निदान दोन वेळा झाली. बरगड्या प्रसूतीच्या वेळी मोडल्या असतील काय? तसे असते तर अडीच महिन्यांत या गाठी बऱ्याचशा विरून गेल्या असत्या. हा कालनिर्णय ढोबळ असतो. तारीख सांगणारा अहवाल न्यायालयात टिकत नाही. कवटीच्या हाडावर अशी गाठ धरत नाही, त्यामुळे तिच्या भंगाचे वय क्ष-किरणांवरून ठरवता येत नाही.

यानंतर आजार तपासावे लागतात, आणि भारतात या टप्प्याला विशेष महत्त्व आहे. ‘ड’ जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा मुडदूस आपल्याकडे दुर्मीळ नाही. म्हणून रक्तातील कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फेटेज, ‘ड’ जीवनसत्त्व आणि पॅराथायरॉइड संप्रेरक यांची तपासणी होते. डोळ्यांचा पांढरा भाग निळसर असणे, कवटीत अनेक लहान सुटी हाडे दिसणे, घरात वारंवार हाडे मोडण्याचा इतिहास असणे, ही जन्मजात ठिसूळ हाडांची चिन्हे आहेत. बाळ अपुऱ्या दिवसांचे होते काय, हेही विचारले जाते. नुसते जीवनसत्त्व कमी आढळले म्हणून अस्थिभंगाचा खुलासा होत नाही. मुडदूस झालेली हाडे चित्रातही तशी दिसावी लागतात. अंघोळ आणि तेलमालिश कोण व कशी करते, हा प्रश्न मराठी घरांतही वावगा वाटू नये. छळ आणि अजाणतेपणी लावलेला जोर यांत फरक करायला तो उपयोगी पडतो.

प्रकरण पुढे टिकते की ढासळते, हे बहुधा पहिल्या रात्रीच्या नोंदीवर ठरते. प्रत्येक क्ष-किरण चित्रावर बाळाची ओळख, तारीख, वेळ आणि डाव्या-उजव्या बाजूची खूण चित्र घेतानाच उमटलेली असावी. ती मागाहून संगणकावर घातली, तर उलटतपासणीत पहिला प्रश्न तिच्यावरच येतो. पालकांचे म्हणणे त्यांच्याच शब्दांत लिहावे. बोम्मसंद्रासारख्या ठिकाणी आई एक भाषा बोलते आणि डॉक्टर दुसरी, अशा वेळी दुभाषी कोण होता हे नमूद करावे, आणि शक्यतो तो नातेवाईक नसावा. कोण घरी होते, बाळ शेवटचे नीट कधी प्यायले, पडताना कोणी पाहिले, हे वेळांसह हवे. आई आणि वडिलांशी स्वतंत्रपणे बोलावे. हकिकत बदलली तर पहिली खोडू नये, दुसरी तिच्याखाली वेळेसह लिहावी. अंगावरील खुणांचे मोजपट्टीसह छायाचित्र आणि देहाकृतीवरील आरेखन जोडावे. क्ष-किरणतज्ज्ञाच्या अहवालात ‘सांगितलेल्या पडण्याशी हे अस्थिभंग सुसंगत नाहीत’ असे वाक्य शोभते. ‘वडिलांनी मारले’ हे शोभत नाही, कारण ते चित्रात दिसत नाही.

कायद्याच्या दृष्टीने हे न्यायवैद्यक प्रकरण म्हणून नोंदवले जाते आणि पोलिसांना कळवले जाते. हाड मोडणे ही भारतीय न्याय संहितेच्या कलम 116 नुसार गंभीर दुखापत आहे. बाल न्याय अधिनियम, 2015 नुसार ज्याला सोबत राहणाऱ्या व्यक्तीने, मग ती पालक का असेना, इजा केली आहे, ते बालक काळजी व संरक्षणाची गरज असलेले ठरते. कलम 31 नुसार डॉक्टर, परिचारिका किंवा रुग्णालयाचे व्यवस्थापनही अशा बालकाला 24 तासांत बाल कल्याण समितीपुढे सादर करू शकते. 1098 या बाल मदतवाहिनीवरही कळवता येते. ताबा असलेल्या व्यक्तीने केलेल्या क्रौर्यासाठी कलम 75 मध्ये शिक्षा आहे, तर कलम 74 बालकाची ओळख उघड करण्यास मनाई करते. लैंगिक अत्याचाराचा संशय असल्यास पॉक्सो कायद्याच्या कलम 19 नुसार कळवणे प्रत्येकावर बंधनकारक आहे.

चौकशी चालू असताना बाळाला रुग्णालयातच ठेवणे इष्ट, कारण प्लास्टरसाठी दाखल करणे हे कोणत्याही कुटुंबाला समजणारे कारण असते. घरात दोन वर्षांखालील दुसरे मूल, विशेषतः जुळे भावंड असल्यास त्याचीही तपासणी करतात. देशातील बाल अत्याचारांविषयी केंद्र सरकारने 2007 मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोठ्या अभ्यासात पाच वर्षांवरील मुलांनाच प्रश्न विचारले होते. बोलू न शकणाऱ्या वयासाठी अशी पाहणी शक्य नव्हती, आणि रुग्णालयातील नोंदीचे मोल त्यामुळेच वाढते.

सुमारे दोन आठवड्यांनी सर्वेक्षण पुन्हा करावयाचे असते. डोक्याची चित्रे तेव्हा सहसा वगळतात. ताजी मोडलेली बरगडी जागची हलली नसेल तर पहिल्या दिवशी दिसतच नाही, गाठ धरू लागली की ती उघड होते. पहिल्या चित्रात संशयास्पद वाटलेली सावली दोन आठवड्यांनी तशीच राहिली, तर तो भंग नव्हता असेही कळते. या दुसऱ्या तपासणीची तारीख, ती कोण घडवून आणणार आणि बाळ न आल्यास कोणाला कळवायचे, हे तिन्ही बाळाच्या निर्गमनपत्रावर लिहून त्याची प्रत बाल कल्याण समितीकडे पाठवली जाते.