जीवरक्षक जाकीट (कौटुंबिक नौकाविहारासाठी)

पाण्यात पडलेल्याला तरंगत ठेवणारे अंगवस्त्र. वाराणसीत अस्सी ते दशाश्वमेध घाटादरम्यान नावेतून फिरणाऱ्या कुटुंबांसाठी फोमचे जाकीट योग्य. ते पडताक्षणी तरंगते. फुगणारे जाकीट सुटसुटीत असते, पण वायूची नळकांडी रिकामी असल्यास आपोआप फुगत नाही. म्हणून ते लहान मुलांना देऊ नये. ५० न्यूटनचे तरंगसाहाय्यक केवळ पोहणाऱ्यांसाठी असते. बेशुद्धाचे तोंड ते वर वळवत नाही.

जाकीट वजनानुसार निवडून पट्टे आवळावेत. खांद्यांना धरून वर ओढल्यावर ते हनुवटीपर्यंत सरकले, तर सैल समजावे. मुलांना जांघेतला पट्टाही हवा.

फुगणारे जाकीट दरवर्षी तोंडाने फुगवून रात्रभर ठेवावे आणि नळकांडीचे वजन तिच्यावर कोरलेल्या आकड्याशी ताडावे. फोम चपटा किंवा कडक झाल्यास जाकीट बाद करावे.