नकली कार्डावरचे फोटो आणि ‘सॉफ्टवेअरने सगळं परत येतं’ हा समज

मेमरी कार्डावरचे फोटो उघडेनासे झाले की आपल्याकडे एकच सल्ला मिळतो: घाबरू नका, कार्डावरून काहीच कायमचं जात नाही, चांगलं रिकव्हरी सॉफ्टवेअर चालवा, सगळं परत येईल. दुकानदार हे सांगतो, स्टुडिओवाला सांगतो, घरातला कॉम्प्युटर जाणणारा भाचाही सांगतो. हा सल्ला निराधार नाही. म्हणूनच त्याची बाजू आधी नीट मांडायला हवी.

अस्सल कार्डावरून फोटो डिलीट केला, तर बहुधा कार्डाच्या यादीतली त्याची नोंद तेवढी रद्द होते. फोटोचा मजकूर आपल्या जागी राहतो, त्या जागेवर नवं काही लिहिलं जाईपर्यंत. झटपट फॉरमॅटमध्येही बरेचदा यादीच नवी होते. फोटोरेकसारखा प्रोग्राम यादीकडे न बघता थेट मजकूर धुंडाळतो आणि जेपेगची सुरुवात ओळखून फाइल उचलतो. हजारो लोकांचे फोटो असे परत आले आहेत. पण या सगळ्याला एक गृहीतक आहे: मजकूर कधीतरी कार्डावर लिहिला गेला होता. नकली क्षमतेच्या कार्डात नेमकं तेच खोटं ठरतं.

अशा कार्डात चिप असते, समजा, ८ जीबीची आणि लेबलवर छापलेलं असतं १२८. आतल्या कंट्रोलरला कॅमेऱ्यापुढेही १२८ हाच आकडा सांगायला शिकवलेलं असतं. ८ जीबी भरेपर्यंत सगळं ठीक चालतं. त्यापुढे कार्डाच्या बनावटीनुसार दोनपैकी एक गोष्ट होते. काही कार्डं नवा मजकूर स्वीकारतात, ‘लिहिला’ असं कळवतात आणि टाकून देतात. काही पुन्हा सुरुवातीच्या जागेवर लिहू लागतात, म्हणजे नवा फोटो जुन्याला खाऊन टाकतो. कॅमेऱ्याला दोन्ही वेळा होकारच मिळतो.

एक उदाहरण घेऊ. आळंदीहून पंढरपूरपर्यंत वारीबरोबर चाललेल्या फोटोग्राफरने असं १२८ जीबीचं नवं कार्ड वापरलं, टाकून देणाऱ्या जातीचं. एकेक फोटो सरासरी ५ एमबीचा, एकूण २४०० फोटो, म्हणजे १२ जीबी. पहिले सुमारे १६०० फोटो खऱ्या चिपवर उतरले, उरलेले ८०० कुठेच उतरले नाहीत. वाटेत त्याला शंका आली नाही, कारण फोटो काढल्या क्षणी मागच्या पडद्यावर दिसतो तो कॅमेऱ्याच्या स्वतःच्या तात्पुरत्या मेमरीतून, कार्डावरून नव्हे. घरी येऊन कार्ड लॅपटॉपला लावलं तर २४०० नावं, तारखा आणि आकार सगळं जागच्या जागी. यादी चिपच्या सुरुवातीच्या, खऱ्या भागात असते, म्हणून ती शाबूत राहते. शेवटच्या दिवसांतला फोटो उघडायला जावं तर तो उघडत नाही. कॅमेऱ्याने ८ जीबी ओलांडल्यावर नवं फोल्डर उघडलं असेल, तर त्या फोल्डरची आतली यादीसुद्धा हरवलेली असते.

फाइल बिघडली आहे की मुळात लिहिलीच गेली नाही, हे तिचे पहिले सोळा बाइट बघून बरंचसं कळतं:

```
xxd -l 16 IMG_0412.JPG
xxd -l 16 IMG_2105.JPG
```

पहिल्या फाइलची सुरुवात ffd8 ने होते, ती जेपेगची खूण. दुसरीत नुसती शून्यं दिसतात, किंवा नुसते ff. एका विशिष्ट क्रमांकापर्यंतचे सगळे फोटो धड आणि त्यानंतरचे सगळे असे पोकळ असतील, तर कार्डाची खरी क्षमता त्याच सीमेवर संपते.

आता रिकव्हरी सॉफ्टवेअर काय सांगतं ते बघा. यादीवर चालणारी सॉफ्टवेअरं फाइलच्या जागेवर दुसऱ्या फाइलचा दावा नाही एवढं बघून ‘स्थिती उत्तम’ असा शेरा मारतात. त्या फोटोग्राफरला २४०० हिरवी नावं दिसतील, तो पैसे भरेल आणि हाती ८०० पोकळ फाइली येतील. म्हणून पैसे भरण्याआधी सीमेपलीकडचा एखादा फोटो प्रिव्ह्यूत उघडून बघावा. तो उघडला नाही, तर दुसरं महागडं सॉफ्टवेअरही तो उघडून देणार नाही.

दुसरा प्रचलित सल्ला आहे, ‘आधी कार्ड नकली आहे का ते तपासा’. तो मला याहून घातक वाटतो. एच-टू-टेस्ट-डब्ल्यू किंवा एफ-थ्री ही साधनं उत्तम आहेत, पण ती कार्ड चाचणीच्या मजकुराने भरून मग वाचून पाहतात. फिरून सुरुवातीला लिहिणाऱ्या कार्डावर ती चाचणी उरलेसुरले फोटोही पुसून टाकते. विंडोज ‘स्कॅन करून दुरुस्त करू का?’ असं विचारतं, त्यालाही तूर्त नाहीच म्हणावं, कारण ती दुरुस्तीही कार्डावरच लिहिते. आधी संपूर्ण कार्डाची प्रत काढायची:

```
ddrescue -n /dev/sdb card.img card.map
```

इथे sdb च्या जागी आपल्या कार्डाचं नाव घालायचं. ते चुकलं तर भलत्याच डिस्कची प्रत निघेल, म्हणून आधी lsblk ने खात्री करावी. डिस्कवर १२८ जीबी मोकळी जागा लागते, कारण खोटा भागही वाचला जातो. मग फोटोरेक मूळ कार्डावर न चालवता या card.img वर चालवायचा. फोटो दुसरीकडे सुरक्षित गेल्यावर कार्डाची चाचणी हवी तितकी करावी.

‘राइट प्रोटेक्टेड’ म्हणणाऱ्या कार्डाबाबतही अशीच उलटी गंगा वाहते. सगळ्यांना आधी लॉक काढायचं असतं. एसडी कार्डाच्या कडेची सरकपट्टी ही निव्वळ यांत्रिक खूण आहे. तिची जागा रीडर ओळखतो, कार्डाला तिचा पत्ता नसतो. म्हणून पट्टी वर असूनही लॉक दिसत असेल, तर आधी दुसरा रीडर लावून बघावा. तरीही लॉक राहिलं, तर बहुधा कंट्रोलरनेच लिहिणं बंद केलेलं असतं, कारण चिप झिजली आणि राखीव जागा संपली. त्यावर diskpart मधला attributes disk clear readonly हा उपाय फिरत असतो. तो विंडोजने लावलेली खूण काढतो, कार्डाच्या आतलं लॉक नव्हे. आणि ते निघावं तरी कशाला? अशा कार्डावरचं बरंच काही अजून वाचता येतं, आणि लिहिणं बंद असल्याने आणखी काही पुसलं जात नाही. ताबडतोब प्रत काढायला याहून चांगली वेळ मिळणार नाही.

काही झिजलेली कार्डं मात्र लॉक झाल्याचं सांगतही नाहीत. डिलीट केलेला फोटो कार्ड काढून पुन्हा लावलं की परत दिसतो, नवा फोटो मात्र गायब असतो. त्या क्षणापासून काढलेलं काहीच चिपवर गेलेलं नसतं.

यावर एक आक्षेप रास्त आहे: प्रयोगशाळा कंट्रोलरला वगळून थेट चिप वाचू शकतात, मग हरवलेलं तिथून मिळणार नाही का? झिजलेल्या किंवा मेलेल्या अस्सल कार्डातून मिळू शकतं. फिरून लिहिणाऱ्या नकली कार्डातही जुन्या मजकुराचे काही अवशेष सापडू शकतात, कारण फ्लॅश चिप नवा मजकूर दुसऱ्या पानावर लिहिते आणि जुनं पान नंतर सवडीने पुसते. पण ८ जीबीच्या चिपमध्ये १२ जीबी मावणार नाहीत, आणि टाकून देणाऱ्या कार्डाने जे कधी लिहिलंच नाही त्याचा अवशेषही नसतो.

त्या फोटोग्राफरने उरलेल्या ८०० फोटोंसाठी कार्डावर आणखी पैसा घालवू नये. कॅमेऱ्यातून वायफायवर मोबाइलमध्ये घेतलेल्या प्रती, व्हॉट्सअ‍ॅपच्या Sent फोल्डरमधले घरी पाठवलेले फोटो, वाटेत एखाद्या दिवशी लॅपटॉपवर उतरवलेलं काही असेल तर ते, इथेच शोधावं. व्हॉट्सअ‍ॅपवरचे फोटो आकुंचित असतील, मोठ्या छपाईला पुरणार नाहीत. पण ते फोटो तरी असतील.