औषध दोषी की आजार? ‘कन्फाउंडिंग बाय इंडिकेशन’ म्हणजे काय?

अतिदक्षता विभागात मरणाऱ्या रुग्णांचे प्रमाण साध्या वॉर्डापेक्षा जास्त असते. म्हणून अतिदक्षता विभाग माणसे मारतो असे कोणी म्हणत नाही, कारण तिथे आधीपासूनच अत्यवस्थ असलेले रुग्ण नेले जातात हे सगळ्यांना ठाऊक असते. पण हीच तुलना एखाद्या गोळीबद्दल किंवा इनहेलरबद्दल केली, तर तीच चूक सहज नजरेतून सुटते. एखादे औषध घेणारे रुग्ण ते न घेणाऱ्यांपेक्षा जास्त संख्येने मरत असतील, तर दोष औषधाचा की ज्या आजारामुळे ते औषध द्यावे लागले त्याचा?

औषध देण्यामागच्या वैद्यकीय कारणाला ‘इंडिकेशन’ म्हणतात. डॉक्टर चिठ्ठीवर औषध लिहितात ते नाणे उडवून नव्हे, तर रुग्णाची अवस्था पाहून. त्यामुळे औषध मिळालेला आणि न मिळालेला असे दोन गट मुळातच वेगळे असतात. हा वेगळेपणा औषधाच्या परिणामात मिसळून जातो, तेव्हा त्याला ‘कन्फाउंडिंग बाय इंडिकेशन’ म्हणतात. याची दिशा उलटीही असू शकते. मोठी शस्त्रक्रिया बहुधा ती सोसू शकणाऱ्यांवरच केली जाते आणि फार अशक्त रुग्णांना डॉक्टर ती टाळायला सांगतात. अशा वेळी शस्त्रक्रियेचा फायदा असतो त्याहून मोठा दिसतो.

इथवरचे समजणे सोपे आहे. अवघड प्रश्न पुढे येतो. एखाद्या अभ्यासात औषधाविरुद्ध आकडे आले आणि कोणी म्हणाले, ‘हे तर कन्फाउंडिंग आहे,’ तर ते खरे की खोटे हे तपासायचे कसे? न्यूझीलंडमध्ये १९८९ साली नेमका हाच वाद पेटला, आणि तो वाचण्यासारखा आहे.

न्यूझीलंडमधले दम्याचे मृत्यू

१९७६ नंतर न्यूझीलंडमध्ये दम्याने होणारे मृत्यू अचानक वाढले. तरुण रुग्णांमध्ये, म्हणजे जिथे दम्याने मृत्यू होणे दुर्मीळ असायला हवे तिथे, हा दर काही वर्षांतच सुमारे तिप्पट झाला. शेजारच्या देशांत एवढी वाढ दिसत नव्हती. फेनोटेरॉल नावाचा नवा इनहेलर १९७६ मध्येच तिथल्या बाजारात आला होता. दम्याचा झटका आला की श्वासनलिका मोकळी करणारे हे औषध साल्ब्युटामॉलच्याच घराण्यातले. फरक असा, की फेनोटेरॉलच्या एका फवाऱ्यात २०० मायक्रोग्रॅम औषध असे आणि साल्ब्युटामॉलच्या फवाऱ्यात १००. शिवाय हृदयावर त्याचा परिणामही जास्त होत असे.

वेलिंग्टनमधील ज्युलियन क्रेन, नील पीअर्स, रिचर्ड बीझली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या दोन गोष्टींचा संबंध तपासायचे ठरवले. ऑगस्ट १९८१ ते जुलै १९८३ या काळात दम्याने मृत्यू पावलेले ५ ते ४५ वयोगटातले ११७ रुग्ण त्यांनी घेतले. प्रत्येक मृतामागे तुलनेसाठी चार जिवंत रुग्ण निवडले. हे चौघेही दम्यासाठी रुग्णालयात दाखल झालेले होते आणि त्यांचे वय व वंश मृताशी जुळत होते. असे ४६८ जण झाले. मृतांपैकी ६० जणांना, म्हणजे ५१ टक्क्यांना, फेनोटेरॉल लिहून दिलेले होते. जिवंतांपैकी १८९ जणांना, म्हणजे ४० टक्क्यांना. यावरून फेनोटेरॉल दिलेल्यांमधला मृत्यूचा धोका इतरांच्या सुमारे १.५५ पट निघाला. हा अभ्यास १९८९ मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

आक्षेप अपेक्षितच होता. फेनोटेरॉल हे जोरदार औषध म्हणून ओळखले जाई, तेव्हा डॉक्टर ते जास्त गंभीर रुग्णांनाच देत असणार. गंभीर रुग्ण मरण्याची शक्यता जास्त असते. मग औषधाचा काय दोष?

आक्षेप खरा असेल तर काय दिसेल?

आक्षेप खरा आहे असे क्षणभर धरून चालू आणि काल्पनिक आकड्यांवर तो लावून पाहू. समजा ‘क’ आणि ‘ख’ ही दोन औषधे आहेत आणि दोन्ही अगदी सारखीच सुरक्षित आहेत. गंभीर रुग्णांपैकी २ टक्के मरतात आणि सौम्य रुग्णांपैकी अर्धा टक्का, मग औषध कोणतेही असो. ‘क’ घेणाऱ्या १००० जणांत ८०० गंभीर आणि २०० सौम्य आहेत. ‘ख’ घेणाऱ्यांत प्रमाण बरोबर उलटे आहे, म्हणजे २०० गंभीर आणि ८०० सौम्य.

‘क’ गटात गंभीर रुग्णांपैकी १६ आणि सौम्यांपैकी १, असे १७ मृत्यू होतील. ‘ख’ गटात ४ आणि ४, असे ८. वरवर पाहता ‘क’ दुपटीहून जास्त घातक दिसते. पण आता फक्त गंभीर रुग्णांकडे पाहा. ‘क’ घेणाऱ्या ८०० पैकी १६ गेले, ‘ख’ घेणाऱ्या २०० पैकी ४. दोन्हीकडे २ टक्केच. फरक नाहीसा झाला.

चाचणी या उदाहरणातच दडलेली आहे. दिसणारा फरक आजाराच्या तीव्रतेमुळे असेल, तर सारख्या तीव्रतेच्या रुग्णांपुरती तुलना केल्यावर तो आटायला हवा. तीव्रता मोजण्याचे माप ओबडधोबड असेल तर तो पूर्ण जाणार नाही, पण कमी तरी व्हायला हवा.

वेलिंग्टनच्या गटाने हेच केले. कागदपत्रांवरून तीव्रता ओळखण्याच्या काही खुणा त्यांनी ठरवल्या: रुग्णाला दम्याची तीन किंवा अधिक प्रकारची औषधे चालू आहेत का, गेल्या वर्षभरात तो दम्यासाठी रुग्णालयात दाखल झाला होता का, आणि त्याला तोंडाने घ्यायच्या स्टिरॉइडच्या गोळ्या सुरू आहेत का. शेवटची खूण सर्वांत बोलकी, कारण या गोळ्या डॉक्टर सहजासहजी लावून देत नाहीत.

तीन किंवा अधिक प्रकारची औषधे घेणाऱ्यांपुरते पाहिले तेव्हा धोका १.५५ वरून २.२१ पट झाला. वर्षभरात दाखल झालेल्यांमध्ये तो २.१६ पट होता. स्टिरॉइडच्या गोळ्या घेणाऱ्यांमध्ये ६.४५ पट. आणि दाखलही झालेले व गोळ्याही घेणारे, अशा सर्वांत गंभीर रुग्णांमध्ये १३.२९ पट. फरक आटण्याऐवजी वाढत गेला होता.

निव्वळ तीव्रतेच्या घोळातून असे चित्र उभे राहणे फार कठीण आहे. औषधच अपाय करत असेल तर मात्र ते सहज समजते. सौम्य रुग्णाच्या कपाटात इनहेलर महिनोन्महिने पडून राहतो. गंभीर रुग्ण झटका आल्यावर घरच्या घरी फवाऱ्यामागून फवारे घेतो, तेही रक्तातला प्राणवायू कमी झालेला असताना. औषधाची मात्रा वाढली की हृदयावरचा ताण वाढतो आणि रक्तातले पोटॅशियमही घटते. त्यामुळे अपाय कुठे दिसायचाच असेल तर तो याच गटात दिसणार.

चाचणीच्या मर्यादा

१३.२९ हा आकडा ठसठशीत असला तरी तो तसाच्या तसा घेऊ नये. त्या गटात रुग्ण थोडे होते, त्यामुळे खरा धोका ३.४५ ते ५१ पट यांत कुठेही असू शकत होता. इथे आकड्यापेक्षा त्याचा कल महत्त्वाचा. शिवाय ‘गंभीर’ हा शिक्का लावला म्हणून त्या गटातले सगळे एकसारखे होत नाहीत. गंभीरांतल्या अतिगंभीरांनाच फेनोटेरॉल दिले जात असेल, तर थोडा घोळ उरतोच.

मला सर्वांत वजनदार वाटतो तो टीकाकारांचा दुसरा मुद्दा, आणि तो तीव्रतेविषयी नव्हता. मृतांच्या औषधांची माहिती त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांकडून घेतली होती, तर जिवंतांची रुग्णालयाच्या नोंदींतून. दोन वेगळ्या वह्यांतले हिशेब एकमेकांशी ताडून पाहिले, तर फरक वह्यांमुळेही पडू शकतो. हे मान्य करून संशोधकांनी वेगळ्या काळातल्या रुग्णांवर आणखी दोन अभ्यास केले. त्यांत मृत आणि जिवंत दोघांचीही माहिती रुग्णालयाच्या नोंदींतूनच घेतली. दोन्ही वेळा फेनोटेरॉलचा धोका सुमारे दुप्पट निघाला, आणि गंभीर रुग्णांत तो आणखी वाढला.

या अभ्यासांत आणखी एक गोष्ट जमेची होती. ‘औषध घेणारे’ विरुद्ध ‘काहीच न घेणारे’ अशी तुलना त्यांनी केली नव्हती. त्यांनी दम्याच्या रुग्णांचीच दम्याच्या रुग्णांशी तुलना केली, आणि फेनोटेरॉल न मिळालेल्यांपैकी बहुतेकांना त्याच घराण्यातले दुसरे औषध मिळालेले होते. औषध देण्याचे कारण दोन्हीकडे जवळपास सारखे असल्याने घोळाला जागा मुळातच कमी उरते. कोणताही असा अभ्यास वाचताना सर्वांत आधी पाहावे ते हेच, की तुलनेच्या गटाला काय दिले होते आणि का.

मग चिठ्ठ्या टाकून प्रयोग का नाही?

औषध कोणाला द्यायचे हे चिठ्ठ्या टाकून ठरवले की डॉक्टरांची निवड बाजूला पडते आणि हा घोळच उरत नाही. पण दम्याने मृत्यू होणे दुर्मीळ असल्याने असा प्रयोग अवाढव्य करावा लागतो. पुढे साल्मेटेरॉल या दीर्घकाळ परिणाम करणाऱ्या इनहेलरवर असा प्रयोग अमेरिकेत झाला. त्यात २६ हजारांहून अधिक रुग्ण होते, आणि दम्याशी संबंधित मृत्यू साल्मेटेरॉलच्या गटात १३ तर दुसऱ्या गटात ३. एवढ्या माणसांमागे मोजायला मृत्यू मिळाले ते एवढेच.

न्यूझीलंडने तशी वाट पाहिली नाही. १९८९ मध्येच फेनोटेरॉलवर निर्बंध आले, आणि दोनेक वर्षांत त्याचा वापर जवळपास थांबला. दम्याच्या मृत्यूंचा दर अर्ध्याहून खाली आला आणि पुन्हा वर गेला नाही. काही तज्ज्ञ याचे श्रेय त्याच काळात वाढलेल्या श्वासावाटे घ्यायच्या स्टिरॉइडना देतात. वेलिंग्टनच्या गटाचे उत्तर असे, की स्टिरॉइडचा वापर वर्षानुवर्षे हळूहळू वाढत होता, मृत्यूंचा दर मात्र फेनोटेरॉल हटताच एकदम खाली आला.