पत्र्याचे छप्पर, सौर पॅनेल आणि आकाशातील वीज : अर्थिंग एकत्र का जोडतात?

पत्र्याच्या छपरावर सौर पॅनेल बसवताना बहुतेक ठिकाणी अर्थिंगचे तीन खड्डे घेतले जातात. पहिला पॅनेलच्या सांगाड्याचा म्हणजे डीसी बाजूचा, दुसरा इन्व्हर्टरच्या एसी बाजूचा आणि तिसरा लायटनिंग अरेस्टरचा. हे खड्डे एकमेकांपासून पूर्ण वेगळे ठेवले की सुरक्षितता वाढते, असा समज आहे. प्रत्यक्षात धोका तिथेच असतो.

समजा, अरेस्टरवर ३० किलोअँपिअरची वीज पडली आणि त्याच्या खड्ड्याचा रोध १० ओहम आहे. तेवढ्यात अरेस्टरची पट्टी सुमारे ३ लाख व्होल्टवर जाते. पॅनेलचा सांगाडा मात्र दुसऱ्या खड्ड्यामुळे जवळजवळ शून्यावरच राहतो. एवढा फरक हवेतून ठिणगी उडवतो किंवा इन्व्हर्टरमधून वाट काढतो. तिन्ही खड्डे जमिनीखालून धातूच्या पट्टीने जोडले, तर सगळ्यांचा दाब एकत्र वर जातो आणि आपसातला फरक खूप कमी होतो.

पत्र्याच्या छपरावर अरेस्टर आणि पॅनेल यांच्यात पुरेसे अंतर राखणे सहसा शक्य नसते, कारण पत्रा दोघांच्याही खाली असतो. म्हणून अरेस्टरचा दांडा, पत्रा आणि पॅनेलचा सांगाडा हे सर्व जोडून टाकावे लागते. मग विजेचा काही भाग डीसी केबलमधूनही जातो. त्यामुळे तिथे टाइप १ सर्ज प्रोटेक्शन डिव्हाइस (एसपीडी) लागते. नेहमीचे टाइप २ पुरत नाही. त्याच्या जोडतारा अर्ध्या मीटरपेक्षा लांब नसाव्यात. लांब तारेवरच मोठा दाब तयार होतो आणि तो इन्व्हर्टरपर्यंत पोहोचतो.

पत्रा स्वतः वीज झेलू शकतो का? आयईसी ६२३०५ या मानकानुसार अर्ध्या मिलिमीटरचा पोलादी पत्रा त्यासाठी चालतो, पण वीज पडलेल्या जागी भोक पडू शकते. भोक पडू नये असे वाटत असेल, तर ४ मिलिमीटर जाडी लागते. म्हणून पत्र्याखाली कडबा किंवा कापूस साठवला असेल, तर पत्र्यावर विसंबू नये. वर दांडे लावावेत. त्यांची सावली पॅनेलवर पडणार नाही, अशी जागा निवडावी. छपरापासून जमिनीपर्यंत किमान दोन पट्ट्या, शक्यतो समोरासमोरच्या कोपऱ्यांवरून, सरळ उतरवाव्यात.

जोडणी खरोखर आहे की नाही, हे तंत्रज्ञ यंत्रणा बंद ठेवून मल्टिमीटरने तपासू शकतो. अरेस्टरची पट्टी आणि इन्व्हर्टरचे अर्थ टर्मिनल यांच्यातील रोध शून्याजवळ यायला हवा. काही ओहम दिसले, तर खड्डे जोडलेले नाहीत किंवा सांधा गंजला आहे. पत्रे रबरी वॉशरच्या स्क्रूने बसवलेले असतात आणि त्यांवर रंगही असतो, त्यामुळे पत्र्या-पत्र्यांमधील जोडही असाच तपासावा. ही तपासणी वळवाच्या पावसाआधी करावी.