खिळे गेले, सवय राहिली

परवा २००४ सालची माझीच एक बातमी हवी होती. सीडी सापडली, फाइल उघडली, आणि पडद्यावर नुसता इंग्रजी अक्षरांचा चिवडा! तेव्हाचा फॉन्ट आता संगणकात नाही. बातमी आहे, पण वाचता येत नाही. याचं मूळ शोधायचं तर थेट शिशाच्या खिळ्यांपर्यंत जावं लागतं.

इंग्रजी जुळवायला सुमारे दीडशे खिळे पुरायचे. मराठीला काना-मात्रा आणि जोडाक्षरांमुळे कित्येक शेकडा लागायचे. त्यावर दोन वाटा होत्या. अखंड टाइपात ‘कु’, ‘के’ असे तयार खिळे ओतायचे. छपाई देखणी, पण खण वाढत जायचे. डिग्री टाइपात अक्षर मधल्या ओळीत, वेलांटी-मात्रा-रफार वर आणि उकार खाली, असे वेगळे तुकडे असायचे. खिळे कमी झाले, पण एक ओळ जुळवायची म्हणजे तीन ओळी रचायच्या! वरचा बारीक तुकडा जरा सरकला की मात्रा शेजाऱ्याच्या डोक्यावर. १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना काढणाऱ्या जावजी दादाजींचं नाव सुबक टाइपासाठी झालं. खिळ्यांची संख्या कमी करायला तर खुद्द टिळकांनीही डोकं लावलं होतं.

डीटीपी आलं, शिसं गेलं. पण फॉन्टमध्ये जागा होत्या दोनशेच्या आसपास. मग काय, तेच जुने तुकडे इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवले, आणि प्रत्येक कंपनीने आपापल्या पद्धतीने. ‘दिवाळी’मध्ये आधी वेलांटी साठवली जायची, मग द. म्हणजे साठवला जात होता आकार, शब्द नव्हे. फॉन्ट गेला की शब्दही गेला.

१९९१ च्या पहिल्या युनिकोडपासून देवनागरीला स्वतःचे क्रमांक मिळाले. आता आधी द, मग वेलांटी, उच्चाराच्या क्रमाने साठवतात. वेलांटी डावीकडे नेणं हे फॉन्टचं काम. समुद्राचा ‘दर्या’ आणि डोंगरातल्या ‘दऱ्या’ यांतला फरकही साठवणीतच असतो: एकात साधा र, दुसऱ्यात ऱ.

डिझायनर मंडळींनी यातून दोन गोष्टी घ्याव्यात. फॉन्ट निवडताना ‘दऱ्या’, ‘कीर्ती’, ‘कृष्ण’ लिहून बघा. पाय मोडलेला र सुटा दिसला तर तो फॉन्ट मराठीसाठी अपुरा आहे. दोन ओळींत वरचा उकार खालच्या रफाराला भिडला, तर अंतर वाढवा. डिग्री टाइपातल्या त्या तीन ओळींना आजही जागा लागतेच.

दुसरं म्हणजे, पाणी बंदची सूचना किंवा घरपट्टीचा तक्ता नुसतं चित्र करून पाठवू नका, सोबत मजकूरही द्या. नाहीतर वीस वर्षांनी कुणीतरी तो शोधेल आणि माझ्यासारखाच कपाळावर हात मारून घेईल.